नववीचा ६४ मुलांचा वर्ग : पहिल्या दोन आठवड्यांत शिस्तीची घडी कशी बसवायची

प्रश्न : मी यंदा इंदूरमधल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवायला लागले आहे. वर्गात ६४ मुलंमुली आहेत, पीरियड ४० मिनिटांचा. निम्मा वेळ ‘चुप बैठो’ म्हणण्यातच जातो. मारायचं नाही आणि ओरडायचंही नाही, हे मनाशी पक्कं आहे. पण मग करायचं काय? नियम कोणते ठेवू, आणि कोणी मोडले तर काय करू? कुणी अनुभवी शिक्षक नीट समजावून सांगतील का?

उत्तर :

नियमांचा विचार थोडा लांब ठेवा. आधी एखाद्या दिवशी घड्याळ समोर ठेवून पूर्ण पीरियडची नोंद करा : घंटा वाजल्यापासून मुलं वही उघडेपर्यंत किती मिनिटं गेली, हजेरीला किती, वह्या गोळा करायला आणि वाटायला किती, आणि फळ्यावर लिहून झाल्यावर पुन्हा तुमच्याकडे लक्ष वळवायला किती. माझ्या पाहण्यात मोठ्या वर्गात गोंधळ धडा चालू असताना क्वचितच सुरू होतो. तो सुरू होतो एका कामातून दुसऱ्या कामात जाताना. साधा हिशेब करा. ६४ नावं, प्रत्येकाला चार सेकंद धरले तरी हजेरीला सव्वाचार मिनिटं लागतात, आणि ज्याचं नाव घेऊन झालं तो उरलेला वेळ मोकळाच असतो. म्हणजे रोज पीरियडचा दहावा हिस्सा साठेक मुलांना रिकामं बसवण्यात जातो. रिकामी मुलं बोलणारच.

जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रण करून शिक्षकांच्या पद्धती तपासल्या आणि १९७० साली निष्कर्ष मांडले. ज्यांचे वर्ग सुरळीत चालत आणि ज्यांचे चालत नसत, त्या शिक्षकांत मूल चुकल्यावर ते कसं रागावतात याचा फरक फारसा नव्हता. फरक आधीच्या कामात होता : संपूर्ण वर्गावर नजर असणं, एका कामातून दुसऱ्यात न अडखळता जाणं, आणि कोणालाही रिकामं न ठेवणं. त्यामुळे तुमची मेहनत ७० टक्के रोजच्या कामांच्या पद्धती बसवण्यात जाऊ द्या, थोडी नियमांवर, आणि चुकल्यावर काय करायचं यावर सगळ्यात कमी. नवे शिक्षक नेमकं याच्या उलट करतात, आणि मग दिवाळीपर्यंत घसा बसलेला असतो.

बसण्याचा नकाशा

बाकांच्या ४ रांगा, प्रत्येक रांगेत ८ बाक, बाकावर दोघं, असं धरलं तर बरोबर ६४ होतात. तुमच्या खोलीत तीन जणांचे बाक असतील तर हिशेब बदला, पण कोण कुठे बसतं हे तुम्ही ठरवा. एका कोऱ्या कागदावर ६४ चौकोन आखा, प्रत्येकात नाव आणि रोल नंबर लिहा आणि त्याच्या दहा-बारा झेरॉक्स काढून ठेवा. हा नकाशा पुढे दोन ठिकाणी लागणार आहे.

पहिला उपयोग हजेरीचा. प्रत्येक रांगेचा एक प्रमुख नेमा. तो उभा राहून आपल्या रांगेत कोण नाही तेवढं सांगेल, तुम्ही नकाशाशी ताडून बघाल. रिकामी जागा डोळ्यांना लगेच दिसते. हे काम मिनिटभरात उरकतं, आणि तेही मुलं लिहीत असताना. वर्गशिक्षिका तुम्हीच असाल आणि शाळेचा नियम नाव पुकारण्याचा असेल, तर ती हजेरी प्रार्थनेनंतरच्या वेळात घ्या. विज्ञानाच्या ४० मिनिटांतून ती काढू नका.

दप्तरांकडेही बघा. बहुतेक खोल्यांत दोन रांगांमधली वाट आधीच अरुंद असते, त्यात मुलं दप्तरं वाटेत ठेवतात आणि शिक्षिका तिसऱ्या बाकापलीकडे पोहोचतच नाही. जिथे तुमचे पाय पोहोचत नाहीत तिथे तुमचं म्हणणंही पोहोचत नाही. दप्तर बाकाखाली, वाट मोकळी : ही गोष्ट पहिल्याच दिवशी करून घ्या. मग शिकवताना दर पाच-सात मिनिटांनी शेवटच्या बाकापर्यंत एक फेरी मारा. बोलणं थांबवायचं नाही, चालत चालत शिकवायचं.

दर सोमवारी प्रत्येक रांगेतला शेवटचा बाक पुढे येतो आणि बाकीचे एकेक मागे सरकतात. आठ आठवड्यांत प्रत्येक मूल एकदा पुढे बसतं, एकदा मागे. ‘पिछली बेंच’ ही मग कोणाची कायमची जहागीर राहत नाही. ज्यांना लांबचं दिसत नाही किंवा नीट ऐकू येत नाही त्यांना मात्र पुढेच ठेवा, आणि त्याचं कारण वर्गाला सांगत बसू नका.

पीरियडची सुरुवात

आधीचे शिक्षक गेलेले, तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून येताय, आणि मधली दोन-तीन मिनिटं वर्ग एकटा. तुम्हाला जो गोंधळ मिळतो तो इथे तयार होतो. म्हणून मुलांचं काम तुमच्या आधी वर्गात पोहोचलं पाहिजे.

मी जुन्या कॅलेंडरची पानं वापरायचे. मागची कोरी बाजू, जाड मार्कर, तीन प्रश्न : दोन कालच्या धड्यावरचे आणि एक त्याच्याही आधीच्या आठवड्याचा. पान सकाळीच स्टाफरूममध्ये लिहून ठेवायचं. घंटा वाजली की पहिल्या रांगेचा प्रमुख ते फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवतो. मुलं वहीच्या मागच्या पानांवर उत्तरं लिहायला लागतात. प्रश्न असे हवेत की सामान्य मुलालाही चार मिनिटांत त्यातले दोन येतील. अवघड प्रश्न दिलेत तर मुलं शेजाऱ्याला विचारायला वळतील आणि सगळा हेतूच बुडेल. तुम्ही आत आल्यावर ‘गुड आफ्टरनून मैम’ म्हणत सगळ्यांनी उभं राहणं शाळेत चालत असेल तर चालू द्या, पण त्यानंतर लगेच पुन्हा लिहिणं. पाचव्या मिनिटाला तोंडी उत्तरं आणि धडा सुरू.

या प्रश्नांना गुण देऊ नका आणि ते रोज तपासूही नका. वह्या तपासायला येतील तेव्हा मागची पानं चाळली की कळतं कोण लिहितंय.

वह्यांची तपासणीही अशीच वाटून घ्या. ६४ वह्या एकदम गोळा केल्या तर त्या स्टाफरूमच्या टेबलावर आठवडाभर पडून राहतात, मुलांना वही मिळत नाही आणि ‘मैम, कॉपी तो आपके पास है’ हे काम न करण्याचं कारण होऊन बसतं. सोमवारी पहिली रांग, मंगळवारी दुसरी, असं केलं की रोज १६ वह्या येतात. त्या एका रिकाम्या पीरियडमध्ये होतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. शेवटच्या बाकापासून पुढे देत यायच्या, प्रमुखाने टेबलावर ठेवायच्या, कोणीही जागा सोडायची नाही.

शांत होण्याची खूण

पहिल्या आठवड्यातला सगळ्यात जास्त वेळ या एका सवयीवर घाला. खूण कोणतीही चालेल. हात वर करून ‘सब यहाँ’ म्हणायचं आणि थांबायचं, एवढं पुरेसं आहे. पण ती कशी वापरता यावर सगळं अवलंबून आहे.

खूण देताना फळ्यापुढची एकच जागा ठरवा आणि तिथे स्थिर उभ्या राहा. चालत चालत, कागद आवरत, डस्टर शोधत दिलेली सूचना मुलं सूचना म्हणून घेतच नाहीत. दोन शब्द म्हणून झाले की गप्प. आता डावीकडच्या रांगेपासून उजवीकडे नजर फिरवा. ५४-५५ मुलं शांत झाली की बोलायला सुरुवात करण्याचा मोह होईल, कारण तेव्हा वर्ग बराच निवळलेला वाटतो. इथेच थांबायचं आहे. उरलेल्या नऊ-दहा जणांच्या आवाजावर तुम्ही बोललात, की ‘मॅडम बोलत असताना बोललं तरी चालतं’ हे सगळा वर्ग शिकतो, आणि पुढच्या आठवड्यात ते नऊ जण वीस होतात. ज्या रांगेतून आवाज येतोय तिकडे बघा, हवं तर ‘तीसरी कतार’ एवढंच म्हणा. पूर्ण शांतता झाली की नेहमीपेक्षा खालच्या आवाजात पुढचं वाक्य बोला. मोठा आवाज काढलात तर वर्गही आपला आवाज तुमच्या बरोबरीने वाढवतो.

पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगू नका, करून घ्या. ‘शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोला, मी हात वर केला की थांबायचं.’ पहिल्यांदा वीसेक सेकंद लागतील. लगेच पुन्हा करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी दहाच्या आत येतील. नववीची मुलं आहेत, त्यांना हे लहान मुलांसारखं वाटू नये म्हणून कारण सरळ सांगा : दिवसात पाच वेळा वर्ग शांत करायला दोन-दोन मिनिटं लागली तर दहा मिनिटं गेली, आणि तेवढा अभ्यास घरी वाढला. हे त्यांना पटतं. सवय ढिली पडतेय हे ओळखायची खूणही सेकंदांतच आहे. दहाचे पंधरा आणि पंधराचे पंचवीस व्हायला लागले की रागावू नका, दुसऱ्या दिवशी सुरुवातीला पुन्हा दोनदा सराव घ्या.

बाहेर जाण्याचं थोडक्यात सांगते. पुठ्ठ्याचे दोन पास दाराजवळ टांगून ठेवा, एक मुलांसाठी, एक मुलींसाठी. पास जागेवर असेल तर हात दाखवून घ्यायचा आणि जायचं, त्यासाठी शिकवणं थांबत नाही. आल्यावर पास परत. मुलींना टॉयलेटला कधीही अडवू नका आणि कारण विचारू नका.

नियम

चार पुरे. ते हिंदीतच लिहा, मुलांच्या बोलीत, आणि असे लिहा की वर्गाबाहेरून जाणाऱ्या प्राचार्यांनाही नियम पाळला जातोय की नाही ते दिसेल. ‘अनुशासन में रहें’, ‘बड़ों का आदर करें’ असल्या वाक्यांचं पालन झालं की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे त्यावरून फक्त वाद होतात. मी हे चार ठेवले असते :

घंटी के साथ अपनी जगह पर, कॉपी खुली।
एक समय में एक आवाज़. बोलना हो तो हाथ।
किसी के शरीर, सामान और नाम से छेड़छाड़ नहीं।
काम अधूरा है तो पीरियड से पहले बताओ।

तिसऱ्या नियमातल्या ‘नाम’ या शब्दावर पहिल्या दिवशी पाच मिनिटं बोला. नावाची मोडतोड, आडनावावरून, जातीवरून, रंगावरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून चिडवणं, हे या वयात हसण्यावारी नेलं जातं आणि ज्याला सोसावं लागतं तो मनातून शाळाच सोडून देतो. याला तुमच्या वर्गात थारा नाही, हे तुमच्या तोंडून स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. चौथा नियम खोटी कारणं कमी करतो. ‘कॉपी घर रह गई’ हे तुम्ही विचारल्यावर येतं तेव्हा ती बचावाची धडपड असते. तेच मूल आधी येऊन सांगतं तेव्हा तुम्ही त्याला उद्यापर्यंतची मुदत देऊ शकता. मुदत खरोखर द्या, नाहीतर आठवडाभरात कोणी सांगायला येणार नाही.

मोबाइल, गणवेश यांचे नियम शाळेचे असतात. ते आपल्या यादीत घेऊ नका, त्यांची अंमलबजावणी शाळा ठरवेल तशी.

मोडल्यावर काय

आधी काय करायचं नाही ते. मारणं कायद्यानेच बंद आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. तो कायदा १४ वर्षांपर्यंतचा आहे म्हणून नववीच्या मुलांना लागू नाही, असं एखादे जुने सहकारी म्हणतील. पण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेल्या क्रूरतेबद्दल आहे आणि ते १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू होतं. कान धरून उभं करणं, सगळ्यांसमोर घरच्या परिस्थितीचा उद्धार करणं हेही टाळा. मूल आज गप्प बसतं आणि उद्या तुमच्याशी लढायची तयारी करून येतं.

वर्गाबाहेर उभं करणंही सोडा. बाहेर त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही, त्याचा धडा बुडतो, आणि ज्याला धडा जड जातोय त्याला हेच हवं असतं. एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाची मधली सुट्टी कापली की साठ सरळ मुलं तुमच्याविरुद्ध जातात. ‘सौ बार लिखो’ आणि गुण कापणंही नको. लिहिणं ही शिक्षा आहे हे आपणच शिकवलं, तर पुढे प्रयोगवही कोण मनापासून लिहील?

आता करायचं ते. परिणाम लहान असावा आणि प्रत्येक वेळी व्हावा. मोठी धमकी ६४ मुलांच्या वर्गात पुरी करताच येत नाही. ‘घर पर फ़ोन करूँगी’ असं तुम्ही दिवसात पाच जणांना म्हणालात, तर संध्याकाळी पाच फोन करावे लागतील. दोन दिवसांनी ते राहतील, आणि तिसऱ्या दिवसापासून तुमच्या शब्दाला किंमत उरणार नाही.

पहिली पायरी बिनशब्दांची : नजर, जवळ जाऊन उभं राहणं, बाकावर बोट ठेवणं. बहुतेक गोष्टी इथेच संपतात. दुसरी, त्याच्या जवळ जाऊन हळू आवाजात एक वाक्य, आणि ते काय करायचं याबद्दल असावं, काय करू नको याबद्दल नसावं. तिसरी, त्या पीरियडपुरती जागा बदलणं. त्यासाठी पुढच्या कोपऱ्यात एक जादा खुर्ची-टेबल मागून घ्या. चौथी, मधल्या सुट्टीत पाच मिनिटं तुमच्याशी बोलणं. पाचच, कारण त्याला डबाही खायचा आहे. पाचवी, घरी फोन आणि वर्गशिक्षकांना माहिती. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर, कालचं आज उकरून काढायचं नाही. मारामारी, कोणाला इजा आणि तिसऱ्या नियमातलं चिडवणं मात्र थेट चौथ्या पायरीवर जातं. त्यात आधी ज्याला त्रास झाला त्याचं वेगळं ऐकून घ्या, आणि सगळ्यांसमोर ‘सॉरी बोलो’ असं कोणालाही करायला लावू नका.

चुकीशी परिणामाचं नातं असू द्या. उशिरा आलेला मुलगा दाराजवळच्या वहीत स्वतःचं नाव आणि वेळ लिहून बसतो, तुम्ही काहीच बोलत नाही. आठवड्यात तीन वेळा नाव आलं तर राहिलेले सुरुवातीचे प्रश्न सुट्टीतल्या पाच मिनिटांत पुरे करतो. बाकावर खरडलं तर पुसायचं.

नकाशाचा दुसरा उपयोग इथे. दर आठवड्याला एक नवी झेरॉक्स घ्या आणि दुसऱ्या पायरीच्या पुढे गेलेलं सगळं त्या मुलाच्या चौकोनात एका अक्षराने टिपा : ब म्हणजे बोलणं, उ म्हणजे उशीर, क म्हणजे काम अपुरं. सोबत वार. शुक्रवारी कागद समोर ठेवलात की कळतं, सगळा वर्ग वाईट नसतो. खुणा सहा-सात चौकोनांतच गोळा झालेल्या असतात, आणि त्यातल्या तीन एकमेकांशेजारी.

एक मुलगा, एक पीरियड

तिसरी रांग, सातवा बाक. तुम्ही गतीचे आलेख शिकवताय. फळ्याकडे वळलात की मागून काहीतरी बोललं जातं आणि आसपासचे हसतात. वळून ‘कौन था?’ विचारू नका. उत्तर मिळणार नाही, आणि पूर्ण वर्गाला एक तमाशा मिळेल. त्याऐवजी अक्ष आखायचं काम एका मुलीला फळ्यावर बोलावून द्या. आता तुमची पाठ वर्गाकडे नाही आणि पाय मोकळे आहेत. वेळ आणि अंतराबद्दल बोलत बोलत सातव्या बाकाशी जा, त्याच्या वहीवर बोट ठेवा : ‘अगला बिंदु लगाओ, मैं अभी देखती हूँ।’ आणि लगेच पुढे चला. उभं राहून वाट बघितलीत तर त्याला मित्रांसमोर माघार घ्यावी लागते. तुम्ही पाठ फिरवलीत की तो निमूटपणे पेन उचलू शकतो.

तो म्हणेल, ‘मैम, मैं क्या कर रहा हूँ? सब बोल रहे हैं।’ हे खरंही असू शकतं. यावर वाद घातला की विषय आलेखावरून न्यायनिवाड्यावर जातो. ‘हो सकता है। अभी ग्राफ।’ एवढं म्हणून पुढे. पुन्हा झालं तर जवळ जाऊन : ‘आज की क्लास आगे वाली मेज़ पर। कॉपी लेकर आ जाओ।’ तो उठला तर प्रश्न मिटला. नाही उठला तर? हाताला धरू नका, तिसऱ्यांदा सांगू नका, आवाज चढवू नका. ‘ठीक है, रिसेस में बात करेंगे’ म्हणा आणि शिकवायला लागा. बाकीची मुलं तुमचा चेहरा बघत असतात. तुम्ही शांत राहिलात आणि सुट्टीत ते बोलणं खरोखर झालं, हे त्यांना दिसलं की पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला सांगितल्यावर तो उठतो.

सुट्टीतलं बोलणं दाराजवळ, मित्रांपासून दूर. काय झालं ते त्याला सांगू द्या, मग त्यामुळे शेजारच्यांचं काय अडलं हे विचारा, मग उद्या काय करणार ते. आणि त्याची वही मागा. वही बघितल्याशिवाय हे बोलणं संपवू नका.

समजा तीन आठवड्यांच्या कागदांवर त्याच्या चौकोनात ‘ब’ आहे, आणि प्रत्येक वेळी तो आलेखाच्या किंवा गणिताच्या दिवशी. तोंडी प्रश्नोत्तरांच्या दिवशी एकही नाही. वही उघडल्यावर दिसतं की अक्षांवर त्याने १, ५, १०, ३० हे आकडे सारख्याच अंतरावर मांडले आहेत. म्हणजे प्रमाण घेणं त्याला जमतच नाहीये, आणि फळ्यावर आलेख आला की त्याच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. आता जागा बदलून हे सुटणार नाही. दोन दिवस सुट्टीतली तीच पाच मिनिटं आलेख-कागद घेऊन एका चौकटीला किती धरायचं हे शिकवा, आणि वर्गात त्याला असा बिंदू विचारा जो त्याला नक्की येईल. दर वेळी असं निघेलच असं नाही. काही मुलं विषय येत असूनही बोलतात, त्यांच्यासाठी पायऱ्याच आहेत. पण खुणा विषयाच्या बाजूने झुकल्या आहेत की वेळेच्या, शेजाऱ्याच्या, हे बघितल्याशिवाय घरी फोन करू नका. मधल्या सुट्टीनंतरच्या पीरियडलाच खुणा येत असतील तर त्या दिवशी डबा आणला होता का, हेही विचारा.

फोन करायची वेळ आलीच तर आधी घरच्यांची मोकळी वेळ विचारून ठेवलेली असावी. वडील सियागंजात दुकानावर असतील तर भर दुपारी गिऱ्हाइकांसमोर ऐकलेली तक्रार संध्याकाळी मारात बदलते. पहिलं वाक्य मुलाच्या एखाद्या खऱ्या चांगल्या गोष्टीबद्दल, मग एकच घटना, मग तुम्ही काय करताय आणि घरून काय हवंय. त्यासाठी शक्य असेल तर पहिल्या पंधरवड्यातच, तक्रार नसताना, दहा-बारा घरी ओळखीचा फोन करून ठेवा. ज्या मुलांचं नाव स्टाफरूममध्ये तुम्हाला आधीच सांगितलं गेलंय त्यांच्यापासून सुरू करा.

पहिले दोन आठवडे

पहिला दिवस : नकाशाप्रमाणे बसणं, दप्तरांची जागा, शांत होण्याची खूण आणि नियम. यात अर्धा पीरियड जाईल, जाऊ द्या, उरलेल्या वेळात एखादा प्रयोग दाखवा. दुसरा दिवस कॅलेंडरच्या पानाचा, तिसरा वह्या पुढे देण्याचा, चौथा पास आणि उशिराच्या वहीचा. रोज दहा मिनिटं, आणि आदल्या दिवशीचं एकदा उजळून. पायऱ्या चौथ्या दिवशी सांगा, एका कागदावर लिहून भिंतीवर लावा, आणि तोच कागद प्राचार्यांना आणि वर्गशिक्षकांना दाखवून ठेवा. पाचव्या पायरीला त्यांची साथ लागते, आणि ती त्या दिवशी अचानक मागून मिळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात एकही नवी गोष्ट आणू नका. शनिवारी पुन्हा घड्याळ लावून बघा. घंटेपासून लिहिणं सुरू होईपर्यंत एक मिनिट, हजेरीला एक, शांत व्हायला दहा सेकंद, इतकं झालं असेल तर घडी बसली. सुरुवातच रेंगाळत असेल तर प्रश्न बहुतेक अवघड आहेत. वह्या देताना गोंधळ होत असेल तर रांगेचा प्रमुख बदला.

आणि वर्गात ६४ मुलं असणं ही तुमची चूक नाही. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीलाही एका शिक्षकामागे ३५ मुलं धरतो. प्रत्येकाच्या वहीत रोज डोकावणं तुम्हाला शक्य होणार नाही, चार दिवसांतून एकदा होईल, आणि तेवढं नेमाने झालं तरी मुलांना ते जाणवतं.

लांब सुट्टीनंतर हे सगळं थोडं विस्कटतं. आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघून रात्रभर जागलेली मुलं दुसऱ्या दिवशी बाकावर डोकं टेकतात. त्या दिवशी नवा धडा घेऊ नका, लेखी काम द्या. दिवाळीनंतर शाळा उघडली की मात्र नवा नकाशा करा, शेजारी बदला, आणि पहिल्या आठवड्यातल्या चारही कामांचा सराव एका पीरियडमध्ये पुन्हा करून घ्या. या वेळी प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं पुरतात.